नेदरमधल्या एक्स-रे बॅनवरचं अपील आम्ही का नाकारलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हायव्हल सर्व्हरवर एका जुन्या खेळाडूला बॅन केलं. त्याने अपील केलं, ते मी वाचलं आणि नाकारलं. तेव्हापासून त्याचे मित्र, सर्व्हरवर रायगड किल्ला बांधणारा गट आणि काही नवीन मुलं तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आहेत. त्याच्या परवानगीने, नाव काढून, सगळी उत्तरं इथे एकत्र देतो. ज्यांचं अपील पुढे कधी नाकारलं जाईल त्यांनाही पुढची वाट यात सापडेल.

त्याला नेमकं काय उत्तर दिलं?

हे, जसंच्या तसं:

"नमस्कार. तुझं अपील दोनदा वाचलं, आणि प्रत्येक मुद्दा नोंदींशी ताडून पाहिला. बॅन उठवता येणार नाही, असं मला वाटतं. कारण एकच आहे: नेदरमध्ये तीन संध्याकाळी तू जे टनेल खोदलेस, ते भिंतीआडची डेब्री दिसत असल्याशिवाय तसे खोदता येत नाहीत. कोणत्या नोंदी पाहिल्या ते सोबत जोडलं आहे, म्हणजे तुला त्यांना मुद्देसूद उत्तर देता येईल. मी चुकलो असेन तर ते दाखवायची संधी तुला आहे. तीस दिवसांच्या आत फेरतपासणी माग. ती मी करणार नाही, हा बॅन ज्याने घातलेला नाही असा दुसरा अॅडमिन करेल. दोन वर्षं तू इथे मनापासून खेळलास हे मी विसरलेलो नाही. तुझं बांधकाम आहे तिथेच राहील."

बॅन कशासाठी होता?

एक्स-रेसाठी. मॉड वापरून किंवा पारदर्शक टेक्श्चर पॅक लावून जमिनीच्या आतलं खनिज पाहायचं आणि थेट तिकडे खोदायचं. या प्रकरणात खनिज होतं एन्शंट डेब्री, ज्यापासून नेदराइट बनतं. चार डेब्री वितळवून चार स्क्रॅप, त्यात सोन्याचे चार इन्गट घातले की नेदराइटचा एक इन्गट होतो. आमच्या बाजारात सगळ्यात महाग वस्तू तीच आहे. लोक आठवडाभर खोदून एक जोड चिलखत करतात. त्यामुळे कोणी भिंतीआड पाहून खोदत असेल तर नुकसान गेमचं कमी आणि शेजारी प्रामाणिकपणे खोदणाऱ्याचं जास्त होतं.

"नशीब चांगलं होतं" हे उत्तर का मान्य केलं नाही?

अपीलातला मुख्य मुद्दा हाच होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

डेब्रीची एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. हिरे कधी कधी गुहेच्या भिंतीत उघडे दिसतात. डेब्री मात्र गेम अशा जागी टाकतो की तिला हवा लागू नये. ती सगळ्या बाजूंनी नेदररॅकमध्ये गाडलेली असते, एकेका शिरेत एक ते तीन ब्लॉक, आणि सगळ्यात दाट साधारण Y 15 च्या आसपास. म्हणजे चालता चालता ती दिसत नाही. सरळ टनेल खोदत जायचं आणि टनेलला चिकटून असलेली शीर उघडी पडली की उचलायची. टनेलपासून चार ब्लॉक आत असलेली शीर तुम्हाला कळणारच नाही. तुम्ही तिच्या बाजूने निघून जाता.

आम्ही कोअरप्रोटेक्ट हा प्लगइन वापरतो. कोणी कुठला ब्लॉक कधी फोडला याची नोंद तो ठेवतो. डेब्री पाहायची तर असा शोध घेतो:

```
/co lookup u:Player a:-block t:3d i:ancient_debris
```

या शोधात तीन संध्याकाळच्या ३१ डेब्री आल्या, त्या १८ शिरांमधल्या. त्याच वेळात फोडलेला नेदररॅक होता सुमारे ११५०. म्हणजे एका डेब्रीमागे ३७ नेदररॅक. आमच्याकडे आणखी तिघं पिकअॅक्सने त्याच उंचीवर खोदतात. त्यांचा हिशेब एका डेब्रीमागे ३०० ते ६०० असा येतो.

पण फक्त या आकड्यावर मी कोणालाच बॅन करत नाही. नशीब खरंच असतं, आणि छोट्या नमुन्यात ते मोठं दिसतं. म्हणून नोंदीतले ब्लॉक वेळेच्या क्रमाने नकाशावर मांडले आणि टनेलचा आकार पाहिला. मुख्य टनेल सरळ जातो, मग अचानक वळतो, तीन ते सहा ब्लॉक आत जातो, डेब्रीवर पोचतो, तिथेच थांबतो, आणि पुन्हा मुख्य रेषेवर येतो. १८ पैकी दोन शिरा मुख्य टनेलला लागूनच होत्या, त्या कोणालाही मिळाल्या असत्या. उरलेल्या १६ अशा वळणांच्या टोकाला होत्या. आणि वळणं एकूण तेवढीच, सोळा. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, पण एकही रिकामं गेलेलं नाही.

मग उलटी तपासणी केली. आदल्या आठवड्याच्या बॅकअपची प्रत माझ्या संगणकावर उघडली आणि टनेलच्या सहा ब्लॉकच्या आत एकूण किती शिरा होत्या ते मोजलं. अठरा. एकही मागे राहिली नव्हती. प्रामाणिक टनेलच्या बाजूला सोडून दिलेल्या शिरा असतातच, कारण खोदणाऱ्याला त्या माहीतच नसतात. सापडलेल्या शिरांपेक्षा न सापडलेल्या शिरांनी मला जास्त सांगितलं.

मग लगेच बॅन का केलं नाही? पाच दिवस का लागले?

कारण मला स्वतःचीही एक चूक सापडली होती. आमचा सर्व्हर पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालतो आणि पेपरमध्ये एक्स-रे रोखण्याची सोय आहे. खनिज सगळ्या बाजूंनी झाकलेलं असेल तर सर्व्हर तुमच्या संगणकाला ते खनिज असल्याचं सांगतच नाही, त्याजागी साधा दगड, नेदरमध्ये नेदररॅक, पाठवतो. तुम्ही जवळ खोदत आलात की मग खरा ब्लॉक कळवतो. ही सोय ओव्हरवर्ल्डमध्ये चालू होती, पण नेदरसाठी वेगळी मांडणी मी केलेलीच नव्हती. लपवायच्या यादीत डेब्रीचं नाव नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटेच्या नेहमीच्या रीस्टार्टच्या आधी नेदरच्या `paper-world.yml` मध्ये हे घातलं, आणि मुद्दाम कोणालाही सांगितलं नाही:

```yaml
anticheat:
  anti-xray:
    enabled: true
    engine-mode: 1
    max-block-height: 128
    hidden-blocks:
      - ancient_debris
```

यानंतरच्या दोन संध्याकाळी तो पुन्हा त्याच भागात, त्याच उंचीवर खोदायला आला. सुमारे ९०० नेदररॅक फोडला, डेब्री मिळाली एक, आणि टनेल शेवटपर्यंत जवळपास सरळ. म्हणजे बाकीच्या तिघांपेक्षाही कमी. त्या तिघांच्या आकड्यांत मात्र रीस्टार्टच्या आधी आणि नंतर काहीच फरक पडला नाही. ज्याला भिंतीआडचं दिसत नाही त्याला काय लपवलं आहे याने फरक पडत नाही. एकाच खेळाडूचं नशीब नेमकं त्या पहाटे बदललं, हे मला पटवून घेता आलं नाही.

"सोय बंद होती ही चूक अॅडमिनची, मग शिक्षा खेळाडूला का?"

चूक माझी होती आणि ती मी त्याला लिहिलेल्या उत्तरासोबतच कबूल केली. पण नेदरमध्ये कुलूप नव्हतं म्हणून नियम बदललेला नव्हता. एक्स-रे मॉड आणि पॅक चालणार नाहीत हे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला वाचायला देतो. आणि ही सोयही पूर्ण नाही, हेही सांगून ठेवतो. गुहेत उघडं पडलेलं खनिज ती लपवत नाही. जगाचं सीड कोणाला कळलं तर त्याला सर्व्हरची गरजच उरत नाही, तो घरी तेच जग उघडून जागा पाहून येऊ शकतो. म्हणून शेवटी नोंदी वाचाव्याच लागतात.

अपीलातले बाकीचे मुद्दे काय होते?

दोन होते. पहिला, मामेभाऊ सुट्टीला आला होता आणि त्याने खेळलं. आमचा नियम असा आहे की अकाउंटवरून जे होईल त्याची जबाबदारी अकाउंट ज्याचं त्याची. तरीही मी पाहिलं, कारण घरात एकच संगणक असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. तिन्ही संध्याकाळी खोदकाम सुरू असतानाच त्याच अकाउंटवरून रायगडच्या गटाशी बोलणं चालू होतं: कुठल्या बुरुजाला कुठला दगड, उद्या किती वाजता भेटायचं. ते बोलणं त्याचंच होतं.

दुसरा मुद्दा मिनिमॅपचा. आमच्याकडे मिनिमॅप चालतो. काही मिनिमॅप जमिनीखालच्या गुहांचा आकार दाखवतात, पण डेब्री गुहेत नसतेच, ती भरीव नेदररॅकमध्ये असते. गुहेचा नकाशा तिच्याकडे बोट दाखवू शकत नाही.

टीएनटी किंवा पलंग फोडून खोदणाऱ्यांवरही असा संशय येईल का?

नाही. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की स्फोट होतो, आणि डेब्री स्फोटाने फुटत नाही. म्हणून बरेच जण रांगेने पलंग किंवा टीएनटी लावून नेदररॅक उडवतात आणि उघडी पडलेली डेब्री वेचतात. त्यात डेब्री भराभर मिळते, पण मागे मोठाले खड्डे दिसतात. अरुंद टनेल आणि नेमकी वळणं त्यात नसतात. फक्त पिकअॅक्सच्या आकड्यांशी त्यांची तुलना आम्ही करत नाही.

फेरतपासणी कशी मागायची?

नकाराचं उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, अपील पाठवलं त्याच पत्त्यावर. लांब पत्राची गरज नाही. आमच्या निष्कर्षातली कुठली गोष्ट चुकीची आहे ते नेमकं लिहा आणि त्याला आधार काय ते जोडा. "मी असं करणार नाही, सगळ्यांना विचारा" हे मनापासून लिहिलेलं असतं हे मला कळतं, पण त्याने सोळा वळणांचं उत्तर मिळत नाही. "अमुक वळण मी अमुक कारणाने घेतलं, हा त्या वेळचा व्हिडिओ" याने मिळतं.

आमचे तीन अॅडमिन आहेत. बॅन मी घातला, म्हणून फेरतपासणी उरलेल्या दोघांपैकी एक जण करतो. त्याला कोअरप्रोटेक्टच्या कच्च्या नोंदी, बॅकअपची प्रत आणि तुमचं म्हणणं मिळतं. माझं टिपण त्याने स्वतःचं मत लिहून झाल्यावरच उघडायचं, असं ठरलं आहे. दहा दिवसांत उत्तर येतं. बॅन उठू शकतो, ठरावीक मुदतीचा होऊ शकतो किंवा तसाच राहू शकतो. तो उठला तर जप्त केलेलं सामान परत मिळतं आणि चूक झाली असं आम्ही सगळ्यांसमोर लिहितो.

कोअरप्रोटेक्टच्या ९० दिवसांपेक्षा जुन्या नोंदी आम्ही जागा वाचवायला पुसतो. मात्र ज्या प्रकरणात अपील झालं त्याच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवतो, म्हणजे फेरतपासणीच्या वेळी पुरावाच नाही असं होत नाही.

पुरावा म्हणून काय पाठवता येईल?

सगळ्यात उपयोगी म्हणजे त्या वेळचं स्क्रीन रेकॉर्डिंग, असेल तर. त्याच्या खालोखाल गेमचे लॉग. ते `.minecraft/logs` मध्ये असतात. आजचा `latest.log`, आणि जुने तारखेच्या नावाने `.log.gz` असे. फॅब्रिक वापरत असाल तर लॉगच्या सुरुवातीला लोड झालेल्या मॉडची यादी येते, आणि कुठला रिसोर्स पॅक लागला होता तेही `Reloading ResourceManager` या ओळीत दिसतं. त्या संध्याकाळचा लॉग पाठवलात तर तपासणाऱ्याला काहीतरी ठोस मिळतं.

लॉग ही साधी मजकुराची फाइल आहे आणि ती कोणीही बदलू शकतो. म्हणून फक्त स्वच्छ लॉगवर बॅन उठत नाही. पण तो नोंदींशी वेळेनुसार जुळला, तर त्याचं वजन नक्की धरलं जातं.

एक कळकळीची विनंती: अख्खं `.minecraft` फोल्डर कोणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही. त्यात लॉगिनशी संबंधित फाइली असतात. फक्त लॉग पाठवा, आणि त्यात तुमच्या खासगी गप्पा असतील तर त्या ओळी काढल्याचं सांगून काढा.

फेरतपासणीत खरंच कधी निर्णय फिरतो का?

फिरला आहे. दोन वर्षांपूर्वी हिऱ्यांच्या आकड्यांवरून मी एका मुलीला बॅन केलं होतं. तिने फोडलेल्या दगडांच्या मानाने हिरे फार होते. फेरतपासणी करणाऱ्याने जागेवर जाऊन पाहिलं, तर ती एका मोठ्या गुहेच्या भिंतीने चालली होती आणि उघडे दिसणारे हिरे उचलत होती. गुहेत दगड फोडावेच लागत नाहीत, म्हणून प्रमाण विचित्र दिसलं. मी फक्त आकडा पाहिला होता, जागा पाहिली नव्हती. तिचे अकरा दिवस गेले. बॅकअप उघडून न सापडलेलं खनिज मोजायची पद्धत आम्ही त्यानंतर सुरू केली.

तीस दिवस उलटून गेले तर?

बॅन लागल्यापासून सहा महिन्यांनी परत येण्याचा अर्ज करता येतो. तो वेगळा आहे. त्यात पुरावा लागत नाही. काय झालं ते सरळ लिहायचं. आलात तर रिकाम्या खिशाने सुरुवात, आणि पहिले दोन महिने बाजारात नेदराइट विकता येत नाही. या वाटेने आलेले काही जण आज आमचे चांगले खेळाडू आहेत.

दुसऱ्या अकाउंटने आलो तर?

तर सहा महिने त्या दिवसापासून पुन्हा मोजले जातात. नाव बदलून उपयोग नाही, बॅन अकाउंटच्या यूयूआयडीवर लागतो आणि तो नावाबरोबर बदलत नाही. आयपीवर मात्र आम्ही बॅन घालत नाही. मोबाइल इंटरनेटवर आणि हॉस्टेलमध्ये एकाच आयपीमागे अनेक जण असतात, आणि एकाच्या चुकीने भलत्याच मुलांना दार बंद होतं.

मोजांगकडे तक्रार करता येईल का?

आमचा बॅन फक्त आमच्या सर्व्हरपुरता आहे. खासगी सर्व्हरचे बॅन मोजांग तपासत नाही किंवा उठवत नाही. बाकी सगळे सर्व्हर तुम्हाला खुले आहेत, आणि आम्ही कोणाला तुमच्याबद्दल कळवत नाही.

त्याच्याकडून ज्यांनी इन्गट विकत घेतले त्यांचं काय?

काही नाही. ३१ डेब्रींतून सात इन्गट होतात आणि तीन स्क्रॅप उरतात. त्यातले चार इन्गट बाजारात विकले गेले होते. घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे हिरे मोजून घेतले, त्यांच्याकडून काही परत मागणार नाही. त्याच्या पेटीतले तीन इन्गट, स्क्रॅप आणि विक्रीतून आलेले हिरे बाजूला काढून ठेवले आहेत. फेरतपासणीचा निकाल लागेपर्यंत ते कोणालाही दिले जाणार नाहीत.

त्याच्याशी बोललं तर चालेल का? सर्व्हरवर त्याची बाजू मांडली तर?

बोला, जरूर बोला. तो तुमचा मित्र आहे. त्याची बाजू मांडली म्हणून कोणावर कारवाई होणार नाही. त्याला टोमणे मारणाऱ्या दोघांना मात्र मी थांबवलं आहे, आणि तसं पुन्हा झालं तर त्यांना काही दिवस बाहेर बसावं लागेल. त्या संध्याकाळी तुम्ही त्याच्याबरोबर नेदरमध्ये होतात आणि काही वेगळं पाहिलं असेल, तर फेरतपासणी करणाऱ्या अॅडमिनला थेट लिहा, मला नको.

रायगडावरचा त्याचा नगारखाना पाडणार का?

नाही. त्यातला एकही दगड एक्स-रेने आलेला नाही. बांधणाऱ्यांच्या फलकावर त्याचं नाव आहे तिथेच राहील. वरच्या मजल्याच्या कमानी अर्धवट आहेत. गटाने विचारलं तेव्हा त्याने आराखड्याचे स्क्रीनशॉट पाठवले आणि तुम्हीच पूर्ण करा म्हणाला. रविवारी दुपारी चारला ते काम सुरू होणार आहे. दगड मुख्य दरवाज्याजवळच्या पेट्यांमध्ये भरून ठेवला आहे.